या चुका टाळा: ‘प्रत्येकी 90°’ लिहिण्याआधी

दहावीच्या वह्या तपासताना समरूपतेच्या गणितात एक ओळ हमखास दिसते: ∠ABC ≅ ∠EDC, आणि पुढे कंसात कारण म्हणून ‘प्रत्येकी 90°’. ती वाचली की मी समासात एकच शब्द लिहितो: ‘कशावरून?’ कारण ‘प्रत्येकी 90°’ हे कारण नसून ते विधानच आहे, आणि सिद्ध करायचं होतं ते हेच. कंसात ‘पक्ष’, ‘रचना’ किंवा एखाद्या प्रमेयाचं नाव यायला हवं होतं. बहुतेक वेळा उत्तर असतं, ‘सर, आकृतीत तसं दिसतंय.’ आणि आकृती त्यानंच काढलेली असते.

ही चूक सापडायला अवघड जाते, कारण ताळा करूनही ती हाती लागत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीतलं बांबूचं गणित घेऊ. 32 हात उंचीचा बांबू वाऱ्याने मध्येच मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकतो. तर तो किती उंचीवर मोडला? मोडलेली उंची h धरली, तर कलंडलेला भाग 32 − h. पायथागोरसवरून

h² + 16² = (32 − h)²

सोडवलं की h = 12 येतं आणि कलंडलेला भाग 20. आता मुलगा ताळा करतो: 144 + 256 = 400, आणि 20 चा वर्गही 400. जुळलं, म्हणून बरोबरची खूण. पण हे जुळणारच होतं. ज्या समीकरणातून 12 काढले त्याच समीकरणात 12 पुन्हा घातले. आकडेमोड चुकली नाही एवढंच यातून कळलं. बुंध्याशी काटकोन होता की नाही, याबद्दल काहीच कळलं नाही.

काटकोन तपासायची माझी पद्धत वेगळी आहे. आकृतीतली काटकोनाची ती छोटी चौकट खोडायची, बाकी दिलेली सगळी माहिती तशीच ठेवायची, आणि त्रिकोण हलतो का ते पाहायचं. बांबूच्या गणितात चौकट खोडली की उरतं एवढंच: दोन बाजूंची बेरीज 32 आणि तिसरी बाजू 16. मग 16, 16, 16 असा समभुज त्रिकोणही चालतो की! बेरीज 32, तळ 16, दिलेला एकही आकडा मोडलेला नाही. फक्त बुंध्याशी कोन 90° नसून 60° आहे. म्हणजे सरळ उभा बांबू 30° चढाच्या उतारावर असेल आणि शेंडा चढाच्या बाजूला टेकला असेल, तर तो 12 नव्हे, 16 हातांवर मोडलेला असेल. त्याच आकड्यांची दोन वेगळी उत्तरं निघाली, याचा अर्थ काटकोन आकड्यांतून येत नाही. तो शब्दांतून यायला हवा.

आणि भास्कराचार्यांनी तो शब्द दिलेला आहे. मूळ श्लोकात ‘समभुवि’ असं आहे, म्हणजे सपाट जमिनीवर. भाषांतर करताना, गणित फळ्यावर उतरवून घेताना किंवा क्लासच्या नोट्समध्ये हाच शब्द सगळ्यात आधी गळतो, कारण तो ‘गोष्टीतला’ वाटतो. खरं तर अख्खं गणित त्या एका शब्दावर उभं आहे.

शाब्दिक उदाहरण वाचताना म्हणून आकड्यांच्या आधी काटकोन देणारे शब्द शोधावेत. ‘लंब’, ‘शिरोलंब’, ‘आयताकृती’, ‘सपाट जमिनीवर उभा खांब’, ‘उत्तरेकडे गेला आणि मग पूर्वेकडे वळला’ हे शब्द सरळ परवाना देतात. काही वेळा परवाना प्रमेयातून मिळतो: स्पर्शिका आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या, अर्धवर्तुळातला कोन, समभुज चौकोनाचे कर्ण, किंवा तिन्ही बाजू माहीत असतील तर पायथागोरसचा व्यत्यास. शिडी, भिंत, झाड, टॉवर यांच्या गणितांत ‘जमीन सपाट, भिंत उभी’ हे गृहीत धरायची रीतच आहे आणि बोर्डाच्या पेपरात त्यासाठी कोणी अडवत नाही. मात्र रीत कुठे संपते हे कळायला हवं. नुसत्या ‘भिंतीला टेकवलेली फळी’ या शब्दांतून फळी आणि तिला दिलेला आधार यांच्यातला कोन 90° होत नाही. गवंडीकामातलं बघा. ओळंबा फक्त भिंत सरळ उभी आहे एवढंच सांगतो. जमीन समतल आहे की नाही यासाठी वेगळी लेव्हल लावावी लागते, आणि कोपरा काटकोनात आहे की नाही यासाठी गुण्या.

आता एक गंमत. सावलीच्या गणितात मुलं काटकोन धरून बरोबर उत्तर काढतात, पण कारण चुकीचं असतं. 2 मीटर काठीची सावली 3 मीटर, त्याच वेळी झाडाची सावली 18 मीटर, तर झाडाची उंची 12 मीटर. इथे काटकोनाची गरजच नाही. काठी आणि झाड दोन्ही उभी, म्हणून एकमेकांना समांतर, सूर्यकिरणही समांतर. दोन्ही सावल्या एकाच उतारावर पडल्या असतील, तर काठीचा जमिनीशी होणारा कोन आणि झाडाचा जमिनीशी होणारा कोन सारखेच, मग ते 90° असोत की 75°. को-को कसोटी लागते आणि उंची 12 मीटरच येते. इथे ‘प्रत्येकी 90°’ ऐवजी ‘संगत कोन’ लिहिलं की काम भागतं.

पण त्याच प्रश्नाचा दुसरा भाग येतो: झाडाच्या शेंड्यापासून सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर काढा. आता √(144 + 324), म्हणजे सुमारे 21.6 मीटर, हे फक्त सपाट जमिनीवरच खरं. उतारावर पहिलं उत्तर टिकतं आणि दुसरं पडतं. काठी अंगणात रोवली आणि झाड टेकडीच्या उतारावर असेल, तर पहिलंही पडतं, कारण दोन कोन आता सारखे राहिले नाहीत.

सगळ्यात महागात पडणारा प्रकार म्हणजे नदीची रुंदी. यात काटकोन कागदावर नाही, प्रत्यक्ष काठावर धरलेला असतो. पलीकडच्या काठावर झाड A. आपण त्याच्या समोर B वर उभे. काठाने सरळ 20 मीटर चालून C ला खुंटी ठोकली, अजून 5 मीटर चालून D ला पोचलो. तिथून नदीकडे पाठ करून काठाला लंब दिशेने चालत गेलो, आणि खुंटी व झाड एका रेषेत दिसले तिथे E ला थांबलो. DE मोजलं. C पाशी विरुद्ध कोन समान, B आणि D पाशी ‘प्रत्येकी 90°’, म्हणून △ABC ∼ △EDC. मग

AB / DE = BC / DC = 20 / 5 = 4

म्हणजे DE च्या चौपट नदीची रुंदी. DE 12 मीटर भरलं तर रुंदी 48.

D पाशी काटकोन आपण स्वतः आखला, त्याला ‘रचना’ हे कारण आहे. B पाशी मात्र आपण फक्त ‘झाडाच्या समोर’ उभे राहिलो. समोर म्हणजे अगदी समोर का? समजा नदी खरोखर 48 मीटर रुंद आहे, पण झाड B च्या नेमकं समोर नसून C च्या दिशेने 4 मीटर सरकलेलं आहे. म्हणजे AB ने काठाशी 90° ऐवजी सुमारे 85° कोन केला. डोळ्याला हा फरक कळतही नाही. आता झाडाचा लंबपाद C पासून 20 नव्हे, 16 मीटरवर आहे. म्हणून

DE = 48 × 5 / 16 = 15

आणि आपण निर्धास्तपणे 15 × 4 = 60 मीटर लिहितो. तेच झाड उलट बाजूला 4 मीटर सरकलेलं असेल तर DE = 48 × 5 / 24 = 10, आणि उत्तर 40. नदी तीच, चूक दोन्हीकडे तेवढीच, उत्तरं 60 आणि 40. उत्तर 60 आलं तरी कागदावर गुणोत्तर चोख जुळतं; वही तपासणाऱ्यालाही काही खटकणार नाही.

हे पकडायचा उपाय काठावरच आहे: BC बदलून पुन्हा मोजायचं. C ची खुंटी 20 ऐवजी 30 मीटरवर ठोकली आणि पुढचे 5 मीटर तसेच ठेवले, तर झाड खरोखर समोर असताना DE = 48 × 5 / 30 = 8 यायला हवं, म्हणजे 8 × 6 = 48, पुन्हा तेच. झाड 4 मीटर सरकलेलं असेल तर DE = 48 × 5 / 26, जवळपास 9.2 मीटर, आणि रुंदी येते सुमारे 55. पहिल्यांदा 60, दुसऱ्यांदा 55. दोन वेगळी उत्तरं आली की B पाशी काटकोन नव्हता हे उघड होतं. बांबूच्या वेळी केलेला ताळा आणि हा ताळा यांत फरक एवढाच की इथे जुनंच समीकरण घोटलेलं नाही; नवीन मोजमाप आणलं आहे.

एक प्रकार परीक्षेत वारंवार येतो, तो थोडक्यात. △ABC मध्ये AD ⊥ BC, BD = 5, DC = 9, तर AD किती? उत्तरपत्रिकेत AD² = 5 × 9, म्हणून AD = √45. इथे D पाशी दोन काटकोन खरोखर दिलेले आहेत, आणि मुलं त्यातलाच एक उसना घेऊन A ला देतात. भूमितीमध्याचं प्रमेय लागायला ∠BAC = 90° हवा; AD लंब असणं पुरेसं नाही. चौकट खोडून पाहा: D वरच्या लंबावर A कितीही वर-खाली सरकवता येतो, दिलेली माहिती मोडत नाही. म्हणजे प्रश्न अपुरा आहे. त्यात AB = 13 दिलं की AD = 12 येतं, AC = 15, आणि त्रिकोणाच्या बाजू होतात 13, 14, 15. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग 225, उरलेल्या दोन वर्गांची बेरीज 365. काटकोनाचा मागमूस नाही, आणि √45, म्हणजे 6.7 च्या आसपास, हे उत्तर तर 12 च्या जवळपासही नाही.

परीक्षेत असा अपुरा प्रश्न समोर आला, तर तो सोडून देऊ नये आणि गुपचूप चौकटही काढू नये. पहिल्या ओळीत ‘∠BAC = 90° मानू’ असं लिहावं आणि मग सोडवावं. ते वाक्य कागदावर असलं की तपासणाऱ्याला तुम्ही काय धरलं ते दिसतं, आणि छपाईत ‘काटकोन’ शब्द गळला असेल तर तोही दिसतो.