फिट-गॅप कसा ठरतो: जॉबवर्कच्या चार मागण्या

ईआरपीच्या प्रकल्पात ॲज-इज आणि टू-बी वर्कशॉप संपले की हाती उरतात भिंतभर फ्लोचार्ट आणि ‘हे तर हवंच’ अशा मागण्यांची लांबलचक यादी. नवख्या कन्सल्टंटला वाटतं, आता फक्त एक्सेल भरायचं: डावीकडे मागणी, उजवीकडे फिट किंवा गॅप, म्हणजे सिस्टीममध्ये सोय आहे की नाही. खरं तर प्रत्येक ओळीवर एक निर्णय घ्यायचा असतो. सिस्टीममध्ये सेटिंग करायची, माणसांनी कामाची पद्धत बदलायची, की कोड लिहायचा? तो कसा घेतात हे एकाच प्रक्रियेवर नीट पाहू. चाकण-भोसरीकडे असतात तसा एक कारखाना धरा. तिथे एसएपी एस/४हाना येतंय. फोर्जिंग विकत येतं, आत मशीनिंग होतं, मग पार्ट हीट ट्रीटमेंटसाठी एका पार्टीकडे आणि तिथून परस्पर दुसऱ्या पार्टीकडे प्लेटिंगला जातो. आपला माल असा बाहेर पाठवून करून घेतलेलं काम म्हणजे जॉबवर्क.

आधी मागणी नीट लिहून घ्या. ‘आत्ताची गेटपासची स्क्रीन जशीच्या तशी हवी’ ही मागणी नाही, तो सुचवलेला उपाय आहे. स्टोअर्सवाल्यांना विचारा, ‘ती स्क्रीन बघून तुम्ही काय ठरवता?’ उत्तर बहुधा असं येतं: कुठल्या पार्टीकडे किती नग पडून आहेत ते बघतो आणि अजून पाठवायचे की नाही ते ठरवतो. ओळीत हे लिहायचं. शेजारी हे काम कोण करतं, महिन्यातून किती वेळा होतं, आणि का करावं लागतं. ‘का’च्या रकान्यात चारच उत्तरं ठेवा: कायदा, ग्राहकाचा करार, पैशाचं नियंत्रण, सवय. पुढचे निम्मे वाद हा रकानाच मिटवतो. ‘किती वेळा’चं उत्तर मात्र तोंडी घेऊ नका. वर्कशॉपमध्ये लोक एक तर सगळ्यात सुरळीत दिवस सांगतात, नाही तर सगळ्यात वाईट. मागच्या तीन महिन्यांची चलनबुकं मागवा आणि मोजा.

पहिली मागणी, पार्टीकडचा शिल्लक माल, ही सरळ फिट आहे. माल बाहेर जाताना 541 मूव्हमेंट टाइपने तो पार्टीच्या नावे दिसू लागतो, मालकी आपलीच राहते. काम होऊन आला की 101 ने आवक होते आणि त्याच नोंदीत 543 ने पार्टीकडचा कच्चा माल खर्ची पडतो. ME2O या रिपोर्टमध्ये पार्टीनिहाय शिल्लक दिसते.

पण इथेच एक खोच आहे. 541 ची नोंद पर्चेस ऑर्डरशिवायही करता येते. रात्रपाळीला फोनवर ‘पाठवून दे, पीओ उद्या करू’ म्हणायची सवय असेल, तर सिस्टीम ती सवय मुकाट्याने पुढे चालू देते, आणि महिन्याच्या शेवटी पार्टीचं बिल कशाशी जुळवायचं हा प्रश्न उरतो. यासाठी कोड लिहायची गरज नाही. दर आधीच ठरलेले असतात. पर्चेसने प्रत्येक पार्टी आणि पार्टसाठी महिन्याच्या प्लॅननुसार सबकॉन्ट्रॅक्टिंग पीओ महिना सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवला की रात्री कुणाला फोन करावा लागत नाही. ही ओळ ‘पद्धत बदल’ अशी लिहायची, पण ती कोण आणि कधीपासून करणार हे लिहिल्याशिवाय बंद करायची नाही. नाव आणि तारीख नसलेला पद्धत-बदल यूएटीच्या, म्हणजे वापरकर्त्यांच्या अंतिम चाचणीच्या, वेळी ‘सिस्टीममध्ये अडचण आहे’ हे रूप घेऊन परत येतो.

दुसरी मागणी जवळपास प्रत्येक ठिकाणी चुकून गॅप ठरते. नग मोजून पाठवतो, पण प्लेटिंगवाला किलोवर पैसे घेतो. की-यूजर म्हणतो, आम्हाला दोन्ही हवेत. नवखा कन्सल्टंट मटेरियल मास्टरमध्ये नग आणि किलो यांचं ठरावीक गुणोत्तर टाकतो, एक नग ०.४२० किलो, आणि फिट लिहून मोकळा होतो. महिन्याभरात बिलं अडकायला लागतात. पार्टीच्या काट्यावर ५०० नग २१० किलो भरत नाहीत, २१३ भरतात, आणि प्रत्येक बिल थोड्याशा फरकाने ब्लॉक होतं. मग कोणीतरी नवी वजनाची स्क्रीन बांधायला सांगतं.

दोघंही चुकलेले असतात. स्टँडर्डमध्ये ऑर्डरचं युनिट आणि दराचं युनिट वेगळं ठेवता येतं. पीओ नगात, दर किलोला. आवक करताना MIGO या नोंदीच्या स्क्रीनमध्ये नगांच्या शेजारी दराच्या युनिटमधलं प्रत्यक्ष मोजलेलं वजन भरता येतं आणि बिल त्या वजनाशी ताडलं जातं. म्हणजे ही कॉन्फिगरेशन आणि मास्टर डेटाची ओळ झाली. तिच्यासोबत एक कामाचा नियम मात्र येतो: कुणाचा काटा ग्राह्य, आपल्या गेटवरचा की पार्टीचा? हे सिस्टीम ठरवत नाही. पर्चेस आणि अकाउंट्सने ते लेखी ठरवायचं असतं.

म्हणूनच कुठल्याही ओळीवर ‘फिट’ लिहिण्याआधी ती सँडबॉक्समध्ये, म्हणजे सरावाच्या सिस्टीममध्ये, कारखान्याच्याच आकड्यांनी चालवून पाहायची. डेमोच्या डेटात १०० नग जातात आणि १०० परत येतात. खऱ्या चलनात ५०० जातात, तीन खेपांत परत येतात, सात रिजेक्ट होतात आणि दोन हरवतात. एवढं सगळं मध्ये कोड न लिहिता बसलं तर फिट.

तिसरी मागणी: हीट ट्रीटमेंटहून माल आपल्या गेटवर न येता थेट प्लेटिंगला. ऐकताच गॅप वाटतं, पण याचीही सोय आहे. हीट ट्रीटमेंटच्या पीओत डिलिव्हरी ॲड्रेसच्या टॅबवर प्लेटिंगवाल्या पार्टीचा कोड टाकून SC Vendor वर टिक करायची. आवक केली की माल आपल्या गोदामात न येता थेट त्या दुसऱ्या पार्टीच्या नावे जमा होतो.

पण स्टँडर्डमध्ये आहे म्हणजे फुकट मिळालं असं नाही. दोन किमती मोजाव्या लागतात. एक, हीट ट्रीटमेंट झालेला पार्ट हा स्वतंत्र मटेरियल कोड लागतो, नाहीतर पहिल्या पीओतून काय तयार झालं आणि दुसऱ्यात काय गेलं हे सांगताच येत नाही. १५० पार्ट असतील तर १५० नवे कोड आणि तेवढीच बीओएम, म्हणजे कशापासून काय बनतं याच्या याद्या. फिट-गॅपच्या पत्रकात हे डेटाचं काम लिहिलं नाही तर ते कुणाच्याच वेळापत्रकात येत नाही. दुसरी किंमत कागदाची. माल गेटवर येतच नाही, मग आवक कशाच्या आधारावर करायची? प्लेटिंगवाल्याची पोच असलेल्या चलनाच्या प्रतीवर. आज ती प्रत आठवड्याने येत असेल, तर आठवडाभर सिस्टीममध्ये माल हीट ट्रीटमेंटकडेच दिसत राहील. म्हणून ‘पोच त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर, मूळ प्रत नंतर’ असा पद्धत-बदल याच ओळीत जोडायचा.

चौथी ओळ कायद्याची, आणि बांधकाम इथेच लागतं. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा जॉबवर्करच्या जागेवरूनच विकला जावा लागतो. भांडवली वस्तूंना तीन वर्षं मिळतात, आणि साचे, डाय, जिग, फिक्स्चर, टूल यांना ही मुदत लागू नाही. मुदत उलटली तर माल पाठवला त्या दिवशीच विक्री झाली असं धरलं जातं. म्हणजे मागच्या तारखेपासून कर आणि व्याज. आयटीसी-०४ या विवरणपत्रातही मूळ चलनाचा रकाना असतो. वार्षिक उलाढाल पाच कोटींवर असेल तर ते सहामाही भरायचं, नाहीतर वर्षातून एकदा.

ME2O पार्टीकडे ४,३०० नग आहेत एवढं सांगतं, त्यातले कुठले कधीचे हे नाही. म्हणून चलननिहाय वयाचा रिपोर्ट हवा. पण लगेच ‘गॅप, रिपोर्ट, चार दिवस’ असं लिहू नका. महिन्याला वीसेक चलनं असतील तर एक्सेलवर भागतं आणि तसं स्पष्ट लिहून ओळ बंद करावी. दिवसाला पन्नास असतील तर बांधा.

बांधताना तिसऱ्या ओळीकडे परत बघावं लागतं, आणि नवखे नेमके इथेच फसतात. माल हीट ट्रीटमेंटहून प्लेटिंगला गेला की सिस्टीममध्ये मटेरियल कोड बदलतो आणि तारीखही नवी लागते. कायद्याचं वर्ष मात्र आपल्या गेटमधून माल पहिल्यांदा निघाला त्या दिवसापासून चालूच असतं. पार्टी बदलली म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. साधा रिपोर्ट दहा महिन्यांचा माल दोन महिन्यांचा दाखवेल आणि सगळे निश्चिंत राहतील. त्यामुळे परस्पर आवक करताना मूळ चलनाचा नंबर नोंदीसोबत पुढे न्यावाच लागतो. तो आयटमच्या Text रकान्यात भरता येतो, एका खेपेत दोन चलनांचा माल असेल तर दोन आयटम करायचे. पण हा मोकळा रकाना आहे. एक अंक चुकला की रिपोर्टमधून माल गायब. म्हणून नंबर खऱ्या चलनाशी ताडणारी छोटी तपासणीही बांधावी लागते. एका ओळीच्या दोन ओळी झाल्या, आणि दुसरी पहिलीआधी तयार हवी.

मेहनतीचा आकडा देताना फक्त कोडिंग मोजू नका. उदाहरणार्थ, रिपोर्टचं कोडिंग चार दिवसांचं असेल, तर स्पेसिफिकेशनचे दोन, टेस्टिंगचे दोन, दुरुस्तीचा एक, ऑथोरायझेशन आणि यूजर मॅन्युअलचा एक असे दहा लिहायचे. बिझनेसला चार आणि ‘शून्य’ यातली निवड दाखवली तर ते नेहमी बांधायलाच सांगतात. दहा दिवस दाखवले की ‘महिन्याला किती चलनं?’ हा प्रश्न तेच विचारतात.

चलनाची प्रिंट हाही गॅपच, पण वाद नसलेला. नियम ५५ नुसार चलन तीन प्रतींत लागतं आणि त्याचा क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. जुन्या बुकाची रंगीत मांडणी हवी असा आग्रह आला तर ‘का’च्या रकान्यात ‘सवय’ लिहा आणि पुढे चला. नंबर सिरीज ठरवताना मात्र ती १६ अक्षरं आठवणीत ठेवा. प्लांटचा कोड, वर्ष आणि पार्टीचा कोड असं सगळं नंबरात कोंबायची हौस अनेकांना असते.

या चौथ्या ओळीच्या पोटात आणखी एक काम लपलेलं असतं, ते पत्रकात बहुतेकदा सुटतं. गो-लाइव्हच्या दिवशी पार्टीकडे असलेला माल 561 ने, स्पेशल स्टॉक O लावून, चढवला जातो. त्यात फक्त एकूण नग येतात, आणि सिस्टीमसाठी सगळ्या मालाचं वय त्या दिवशी शून्य होतं. कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचा, म्हणजे सगळ्यात जुना माल, नेमका तिथेच असतो. त्यामुळे उघड्या जुन्या चलनांची यादी (नंबर, तारीख, पार्टी, पार्ट, शिल्लक नग) वेगळ्या टेबलात चढवून रिपोर्टला जोडावी लागते. ही कन्व्हर्जनची स्वतंत्र ओळ. तिची जबाबदारी आयटीकडे नाही, स्टोअर्सकडे, कारण आधी प्रत्येक पार्टीकडून शिल्लक लेखी कबूल करून घ्यायची असते. स्टोअर्स म्हणतं ५१२, पार्टी म्हणते ४८०. हे बत्तीस नग जुन्याच पुस्तकात मिटवायचे, डेबिट नोट काढून किंवा नुकसान धरून. ही मोजणी कटओव्हरच्या, म्हणजे जुन्यावरून नव्या सिस्टीमवर जाण्याच्या, आठवड्यात ठेवली तर पार्ट्यांची पत्रं वेळेत येत नाहीत. म्हणून पत्रकात तिची तारीख गो-लाइव्हच्या निदान दोन महिने आधीची टाकायची.