मेसच्या ताटाचा हिशोब: या चुका टाळा

वसतिगृहाची मेस मुलांच्या कमिटीनं चालवली की दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "महिनाभर निम्मी मुलं घरी होती, मग खर्च कमी व्हायला हवा. तूट आली कशी?" आमच्याकडेही हेच झालं होतं. मी तेव्हा मेस सेक्रेटरी होतो आणि पहिला संशय आचारीकाकांवर घेऊन मोकळा झालो होतो. चोरी झाली नव्हती, माझा भागाकार चुकला होता.

आकडे आमचेच घेतो, तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला. मुलं ५०. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे चार रविवारांच्या ३० दिवसांच्या महिन्यात प्रत्येकी ५६ ताटं, एकूण २,८००. आचारी, त्यांचा मदतनीस, पोळ्यांच्या दोन मावशी आणि भांडीवाल्या मावशी यांचे पगार मिळून ५४,०००. गॅसच्या १९ किलोच्या ८ टाक्या, १,८०० दरानं १४,४००. फिनेल, साबण, शेगडीची दुरुस्ती वगैरे १,६००. झाले ७०,०००. मुलं ५० असोत की ३५, हा बांधील खर्च फारसा हलत नाही. वरणाचा कुकर लावायचाच असतो आणि पोळ्यांचा तवा तापवायचाच असतो. मुलांच्या संख्येबरोबर खरा हलतो तो किराणा, भाजी, दूध आणि दळण. तो ताटामागे ३२ रुपये पडत होता.

म्हणजे ७०,००० भागिले २,८०० बरोबर २५, अधिक ३२. ताट ५७ रुपयांना आणि महिन्याचं बिल ३,१९२. आम्ही हे ५७ नोटीस बोर्डावर लावले आणि तिथून पुढच्या सगळ्या चुका याच एका आकड्यानं करवल्या.

खाड्याला पूर्ण ताटाचे पैसे वजा करणं

दिवाळीच्या महिन्यात ४०० खाडे पडले. आम्ही प्रत्येकाला ५७ प्रमाणे वजावट दिली, एकूण २२,८००. पण मुलगा जेवला नाही म्हणून वाचतं काय? त्याच्या वाटचं पीठ, तांदूळ, डाळ, भाजी. म्हणजे ३२ प्रमाणे १२,८००. मावशींचा पगार त्याच्या खाड्यानं कमी होत नाही. उरलेले १०,००० मेसच्या पेटीतून गेले आणि तूट नेमकी तेवढीच होती. तुमच्याकडे तूट आली असेल तर आधी एवढंच करा: एकूण खाड्यांना ताटामागच्या बांधील खर्चानं गुणा. उत्तर तुटीच्या आसपास आलं, तर कोठीच्या कुलुपाकडे बघायची गरज नाही.

खरं तर ३२ सुद्धा पूर्ण वाचत नाहीत. आचारी आणि मदतनीस मेसमध्येच जेवतात. त्यांची ११२ ताटं मिळवून भागलं, तर किराणा ताटामागे पावणेएकतीस निघतो. म्हणून आम्ही पुढं खाड्याला ३० वजा करायला लागलो.

आणि तेही आधी सांगितलं तरच. एका शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "काका, आज पंधरा जण कमी आहेत. ट्रेकला गेलेत." काकांनी परातीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. पन्नास जणांची कणीक मळून ठेवलेली होती. "आता सांगतोस होय? ही काय परत पीठ होणार आहे?" त्या दिवशीच्या पंधरा खाड्यांत मेसचा जवळजवळ एक रुपयाही वाचला नाही. संध्याकाळच्या फोडणीच्या पोळीत थोडी कणीक मार्गी लागली, एवढंच. तेव्हापासून नियम केला: उद्याचा खाडा आज रात्री आठच्या आत वहीत. आठनंतर भाजी आणि कणकेचं माप ठरतं, मग वजावट नाही.

तूट भरायला पुढच्या महिन्यात दर वाढवणं

ही चूक पहिलीपेक्षा महाग पडते. दर वाढला की काही मुलं बाहेरच्या डब्याकडे वळतात. ती गेली की तेच ७०,००० उरलेल्यांच्या डोक्यावर येतात. ५० मुलांत प्रत्येकी १,४०० बांधील होते, ३५ राहिली की २,००० होतात. किराण्याचे १,७९२ तेवढेच राहतात. बिल ३,१९२ वरून ३,७९२ वर जातं. समोरचा डबेवाला ३,४०० ला देत असेल तर पहिल्या बिलात आपण त्याच्यापेक्षा स्वस्त होतो, दुसऱ्यात महाग. मग आणखी दहा जण जातात. अशा मेस एका सत्रात बंद पडलेल्या मी पाहिल्यात आणि प्रत्येक वेळी दोष "महागाई"ला दिला गेला.

यावर उपाय म्हणजे बिलाचे दोन भाग करणं. नाव लावल्याचे पैसे वेगळे आणि ताटाचे वेगळे. नावाचे पैसे महिन्याला ठरलेले, जेवा की न जेवा. ताटाचे पैसे जेवाल तेवढे. मुलं सुरुवातीला भांडतात ("घरी गेलो तरी पैसे?"), पण बोर्डावर पगाराचा आणि गॅसचा आकडा लिहिला की बहुतेकांना पटतं.

नावाचे पैसे मात्र एका भरलेल्या महिन्यावरून ठरवू नका. आम्ही आधी १,४०० ठेवले आणि तिथंही फसलो. सत्राचे दहा महिने मेस चालते, बांधील खर्च ७ लाख. पण दहा महिने रोज ५० मुलं कुठं असतात? जूनमध्ये प्रवेश चालू असतात, परीक्षा संपेल तशी मुलं नाव काढून निघतात. प्रत्येक महिन्याच्या नावांची बेरीज केली तर ५०० ऐवजी ४३० भरली. ७ लाख भागिले ४३०, म्हणजे १,६२८. आम्ही १,६५० धरले. भरलेल्या महिन्यांत थोडी शिल्लक पडते आणि ओस महिन्यांत ती खर्ची पडते. ही शिल्लक "नफा झाला" म्हणून फीस्टमध्ये उडवायची नसते. आमच्या आधीच्या कमिटीनं ऑगस्टमध्ये तेच केलं होतं. गुलाबजाम झकास होते, असं ऐकलं.

थोडीच मुलं उरली म्हणून मेस बंद ठेवणं

दिवाळीच्या आधी १८ मुलं उरली. कमिटी म्हणाली, अठरा जणांसाठी मेस परवडत नाही, बंद करा. इथं ७०,००० चा धाक चुकीच्या जागी वापरला जातो. पगार महिन्याचे आहेत, मेस बंद ठेवली तरी द्यायचेच. बंद केल्यानं वाचतो तो फक्त त्या दिवसाचा गॅस, साधारण ५१५ रुपये. तेव्हा दर अजून ५७ चाच होता. अठरा मुलांची ३६ ताटं, किराणा जाऊन ताटामागे २५ हाती राहतात, म्हणजे दिवसाला ९००. चालू ठेवणं फायद्याचं. त्या दरानं मुलं अकराच्या खाली गेली, तर मात्र बंद केलेली बरी. काकांना त्या दिवसांत बिनपगारी सुट्टी हवीच असेल, तर अर्थात गणित बदलतं.

पाहुण्याच्या ताटाचंही असंच. "५७ पडतात, ४५ ला दिलं तर तोटा" हे खरं नाही. ३२ च्या वर जे येईल ती भरच. तरी आम्ही पाहुण्याला ७० लावतो. कारण ४५ लावले तर चार महिन्यांत अर्धं हॉस्टेल नाव काढून रोजचं पाहुणं होईल आणि नावाचे पैसे भरायला कुणी उरणार नाही.

खरेदी म्हणजेच खर्च समजणं

सप्टेंबरात किराण्याची बिलं १,०२,००० ची झाली. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं ती २,८०० नं भागली आणि ताटाला साडेछत्तीस रुपये किराणा काढला. पण महिनाअखेर कोठीत तांदळाची पोती आणि तेलाचे डबे मिळून १८,४०० चा माल पडून होता. महिन्याच्या सुरुवातीला ६,००० चा होता. ६,००० अधिक १,०२,०००, वजा १८,४००, म्हणजे खपला ८९,६००. ताटाला ३२. तो फरक पकडला नाही, तर सप्टेंबरची मुलं ऑक्टोबरच्या भाताचे पैसे भरतात. शेवटच्या रात्री जेवणं आटोपल्यावर कोठी मोजायची. अर्धी पोती डोळ्यांनी नाही, काट्यावर.

गॅसलाही हेच. व्यावसायिक टाकीचा दर बहुधा एक तारखेला बदलतो. महिन्याच्या सुरुवातीला आलेली बिलं आणि मधली बिलं यांचा दर सारखा धरू नका. आणि स्वस्त म्हणून घरगुती टाकी आणण्याची आयडिया कुणी काढली तर तिथंच थांबवा, मेससाठी ती वापरणं बेकायदा आहे.

बांधील खर्च कायमचा बांधील समजणं

आमच्या दोन मावशी एका वेळी ३०० पोळ्यांच्या पलीकडे जात नाहीत. मुलाला चार धरल्या, तर ७५ मुलं. तिथवर बांधील वाटा उतरत ९३३ पर्यंत येतो. मग ७६ वा येतो आणि तिसऱ्या मावशी लागतात, ९,००० वाढतात. ८० मुलं झाली तरी वाटा ९८८ च राहतो. पाच मुलं वाढवून प्रत्येकाला ५५ रुपये महाग. एकतर ७५ ला थांबा, नाहीतर नव्वदीकडे जाण्याची खात्री असेल तरच नावं घ्या.

एवढं सगळं नीट करूनही किराणा ३२ वर न राहता चढतच असेल, तर तेल मोजा. तेल परत येत नाही आणि फारसं वायाही जात नाही. आमच्याकडे ताटाला २० ग्रॅम लागतं. २,८०० मुलांची आणि ११२ स्वयंपाकघरातली ताटं धरून साधारण ५८ किलो, म्हणजे १५ किलोचे चार डबे, त्यातलाही थोडा उरतो. सहावा डबा फुटला असेल आणि महिन्यात तळणीचे वार चारच असतील, तर दोन शक्यता. एक, वहीत न लिहिलेली ताटं जेवली जातायत. दुसरी, डबा मागच्या दारानं जातोय. आठवडाभर ताटं उभं राहून मोजली तर पहिली ताबडतोब कळते. आमच्याकडे रात्री उशिरा येणारी शेजारच्या विंगची सात मुलं सापडली. ती खाडे मांडलेल्यांच्या नावावर जेवत होती आणि काकांना वाटत होतं, ही आपलीच पोरं आहेत.