दुकानाचा रेकॉर्डर कोणाच्या खात्यावर आहे?

नौपाड्यातील आमच्या दुकानात सीसीटीव्ही रेकॉर्डरचा क्यूआर कोड मी ॲपमध्ये स्कॅन केला, तेव्हा ‘हे उपकरण दुसऱ्या खात्यात जोडलेले आहे’ असा संदेश आला. म्हणजे कॅमेरे बसवणाऱ्याने ते स्वतःच्याच खात्यात नोंदवले होते आणि दुकान त्यालाही घरबसल्या दिसत होते. असे असल्यास त्याला ते खात्यातून काढायला लावून आपल्या खात्यात जोडावे आणि लगेच रेकॉर्डरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा, कारण खाते बदलले तरी जुना पासवर्ड तसाच राहतो. कामगाराला पासवर्ड न सांगता ॲपमधील ‘शेअर’ने केवळ थेट दृश्य द्यावे. क्यूआरने जोडणी होत असल्यास राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे इंटरनेटवरून थेट रेकॉर्डरपर्यंत येणारी वाट उघडणे, लागत नाही. पूर्वी कोणी पोर्ट उघडला असेल तर तो बंद करावा आणि राउटरमध्ये असा पोर्ट आपोआप उघडणारी रेकॉर्डरमधील UPnP ही सोय सुद्धा.