साठ रुपयांची ट्रायल महागात पडली

सांगलीत अडत दुकानांसाठी आम्ही पट्टी-बिलाचं सॉफ्टवेअर विकतो. 14 दिवस फुकट, मग वर्षाला 4,800 रुपये. मार्चमध्ये दोन जाहिरातींवर प्रत्येकी 12,000 घातले. ‘मोफत बिलिंग ॲप’वाल्या जाहिरातीतून 200 ट्रायल आल्या, म्हणजे साठ रुपयाला एक. ‘हळद अडत हिशोब’वालीतून फक्त 50, एक 240 ला पडली. मी दुसरी बंद करायला निघालो होतो.

भाऊ म्हणाला, “अरे, पैसे कुणी भरले ते तरी बघ!”

पहिलीतून दोघांनी भरले होते, दुसरीतून सहा जणांनी. म्हणजे एक गिऱ्हाईक पहिलीत 6,000 ला पडलं आणि दुसरीत 2,000 ला. पहिलीत बरेचसे कॉलेजची पोरं निघाली. एकाने दुकानाचं नाव ‘asdf’ टाकलेलं!

आता साइनअपच्या फॉर्ममध्ये जाहिरातीच्या लिंकमधला gclid, म्हणजे प्रत्येक क्लिकला गूगल देतं तो ओळख-कोड, लपवून साठवतो आणि पैसे आले की तो गूगल ॲड्समध्ये चढवतो. हिशोब साइनअपच्या महिन्याप्रमाणे, तोही ट्रायल संपून आठवडा गेल्यावरच. आधी बघितलं तर दोन्ही जाहिराती तोट्यातच दिसतात. दोन आणि सहा हे आकडे तसे लहानच, म्हणून पहिली लगेच बंद केली नाही. बजेट निम्मं केलं.