वॉरंटीतली फ्लशची टाकी गळतेय? दुकानदाराला तक्रारपत्र असं लिहा

फ्लशची टाकी गळायला लागली की आपण दुकानात जातो, दुकानदाराचं ऐकून घेतो आणि हात हलवत परत येतो. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "भाऊ, तुमच्याकडचं पाणीच खारं हाय, त्याले कंपनी काय करन?" तेवढ्यानं भागलं नाही तर दुसरं तयार असतं: "तुमच्या प्लंबरनं नट जास्त कसला असन." पंचाईत अशी की ही दोन्ही कारणं कधीकधी खरीही असतात. म्हणून कागद-पेन घेण्याआधी पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायचं, आणि पत्रात तेच लिहायचं. "टाकी खराब निघाली, बदलून द्या" एवढंच लिहिलं तर लेखी उत्तरही तेच मिळेल, जे तोंडी मिळालं होतं.

पुढे दर्यापूर तालुक्यातल्या एका घराचं उदाहरण धरू. भिंतीवर बसवलेली १० लिटरची प्लास्टिकची टाकी आहे, खाली फ्लश पाईप आणि भारतीय बैठकीचं भांडं. टाकीखाली फरशी सतत ओली असते.

आधी नीळ टाका

टाकी भरू द्या. झाकण उचलून कपड्यांना घालायची पातळ नीळ झाकणभर ओता आणि अर्धा तास कोणालाही फ्लश ओढू देऊ नका. त्याआधी टाकी बाहेरून आणि फरशी कोरडी पुसून घ्या. मग बघा, निळं पाणी कुठे दिसतं.

भांड्यात निळी धार उतरली तर दोष आतल्या फ्लश व्हॉल्व्हचा किंवा त्याच्या वॉशरचा आहे. मात्र पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत चढून त्यातून खाली जात असेल, तर बॉल कॉक बंद होत नाहीये. फरशीवर निळे थेंब पडले तर टाकीचा तळ, कोपरा किंवा खालचा नट गळतोय. आणि फरशीवर पडलेलं पाणी स्वच्छ, बिनरंगी असेल तर ते टाकीत शिरलेलंच नाही. ते अँगल कॉकपाशी किंवा कनेक्शन पाईपच्या नटातून गळतंय, आणि तो दुकानदाराचा नाही, फिटिंगचा प्रश्न आहे. पावसाळ्यात थंड पाणी भरल्यावर टाकीला बाहेरून घामही येतो. तोही बिनरंगीच असतो. अशा वेळी पत्र लिहू नका, प्लंबरला बोलवा.

हे वेगळं करायचं कारण वॉरंटी कार्डावर सापडतं. बहुतेक कार्डांवर टाकीच्या बॉडीची मुदत वेगळी आणि आतल्या भागांची वेगळी, बरीच कमी असते. 'क्षारयुक्त पाण्यामुळे झालेले नुकसान' वगळल्याची ओळही बारीक अक्षरात असते. वॉशर आणि बॉल कॉकवर पांढरा खडू बसला असेल तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण बॉडीला चीर असेल तर खाऱ्या पाण्याचा तिथे काही संबंध येत नाही.

थेंब सुटतो कुठून

आपल्या उदाहरणात फरशीवर निळे थेंब पडले. आता नट की बॉडी, हे बघायचं. टाकीचा तळ कोरडा पुसून त्यावर कापसानं टाल्कम पावडर चोळा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तीच गळतीची जागा. पाणी तळावरून घरंगळत कुठेतरी दुसरीकडेच टपकतं, म्हणून थेंब पडतो ती जागा धरून चालू नका. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर पावडरीत एक ओली बारीक रेघ उमटलेली दिसते.

ही रेघ फ्लश पाईपच्या छिद्रापासून सुरू होऊन बाहेर गेलेली असेल, तर ती नट जास्त कसल्यामुळे पडलेली चीर असू शकते. इथे दुकानदार भांडेल आणि त्याचं म्हणणं खोडणं अवघड जाईल. पण रेघ छिद्राला न भिडता दूर कोपऱ्यात, साच्याच्या जोडरेषेवर असेल आणि नटाभोवतीची पावडर कोरडी राहिली असेल, तर प्लंबरवर ढकलायला जागा उरत नाही. आपल्या उदाहरणात रेघ उजव्या कोपऱ्यात, छिद्रापासून तीन इंचांवर निघाली. पत्राची सगळी ताकद या एका वाक्यात आहे.

त्या रेघेचा फोटो घ्या. शेजारी मोजपट्टी किंवा टेप धरा, म्हणजे अंतर फोटोतच दिसेल. मग थेंबाखाली एक लिटरची बाटली लावा आणि घड्याळ बघा. दोन तासांत भरली तर दिवसाला १२ लिटर, म्हणजे एका भरल्या टाकीपेक्षा जास्त पाणी जातं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हा आकडा पत्रात वाचताना बोचतो.

या काळात एक गोष्ट अजिबात करू नका: एम-सील लावू नका. एकदा लावलं की मूळ चीर झाकली जाते आणि "तुम्हीच छेडछाड केली" हे तिसरं कारण दुकानदाराच्या हाती पडतं. अँगल कॉक बंद ठेवा आणि काही दिवस बादलीनं काम चालवा.

बिल आणि खोकं

पक्कं बिल असेल तर उत्तम. पण आपल्याकडे बऱ्याचदा 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी हातात असते, तीही सिमेंट-टाईल्सच्या हिशेबात मिसळलेली. तरी ती जपा. फोनवरून पैसे दिले असतील तर त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट काढा, आणि पत्रातच पक्क्या बिलाची मागणी घाला. वॉरंटी कार्डावर शिक्का नसेल तर तेही पत्रात नमूद करा, कारण शिक्का मारायचं काम दुकानदाराचं होतं. खोकं ठेवलं असेल तर त्यावरचं मॉडेल, निर्मितीचा महिना आणि कंपनीचा ग्राहक सेवेचा पत्ता यांचा फोटो घ्या.

पत्र

नाव-पत्ते सोडून पत्र साधारण असं होईल:

प्रति,
मा. प्रोप्रायटर, (दुकानाचे नाव व पत्ता)

विषय: वॉरंटीच्या मुदतीत फ्लश टाकी गळत असल्याने बदलून मिळणेबाबत.

संदर्भ: बिल क्र. (…), दि. ९ नोव्हेंबर २०२४

महोदय,
वरील बिलाने आपल्या दुकानातून मी (कंपनी, मॉडेल) ही १० लिटरची प्लास्टिक फ्लश टाकी रु. १,४५० ला घेतली. वॉरंटी कार्डानुसार बॉडीची वॉरंटी ५ वर्षे आहे.

जुलै २०२५ पासून टाकीच्या तळातून पाणी गळत आहे. टाकीत नीळ टाकून पाहिली असता निळे पाणी बाहेर फरशीवर पडते, भांड्यात रंग उतरत नाही. गळती तळाच्या उजव्या कोपऱ्यातील बारीक चिरेतून होते. ही चीर फ्लश पाईपच्या छिद्रापासून तीन इंच दूर आहे. छिद्र व नटाभोवतीचा भाग कोरडा असून तेथे तडा नाही. दोन तासांत एक लिटर पाणी वाया जाते.

दि. २८ जुलै २०२५ रोजी मी दुकानात येऊन हे सांगितले. तेव्हा पाणी क्षारयुक्त असल्याने वॉरंटी लागू होत नाही असे सांगण्यात आले. गळती वॉशर किंवा व्हॉल्व्हमधून नसून बॉडीतून असल्याने ते कारण येथे लागू होत नाही.

तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याच मॉडेलची नवीन टाकी द्यावी अथवा रु. १,४५० परत करावेत. पाहणीसाठी माणूस पाठवायचा असल्यास आदल्या दिवशी फोन करावा. टाकी आहे त्या स्थितीत ठेवली आहे.

आपला,
(नाव, गाव, मोबाईल, सही, दि. १२ ऑगस्ट २०२५)

सोबत: बिल व वॉरंटी कार्डाची झेरॉक्स, फोटो ४
प्रत: कंपनीचा ग्राहक सेवा विभाग

मानसिक त्रासाची भरपाई, पेपरात छापण्याची धमकी, असलं काही पहिल्या पत्रात नको. त्यानं दुकानदार बिथरतो आणि मुद्दा बाजूला पडतो. "कंपनीशी बोला" असं तो म्हणेलच. पण बिल त्यानं फाडलं, पैसे त्यानं घेतले, म्हणून पत्र त्याच्या नावे आणि कंपनीला फक्त प्रत.

देताना आणि दिल्यावर

पत्राच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर दुकानाचा शिक्का, सही, तारीख घ्या. नाही म्हणाला तर वाद न घालता पोस्टात जा आणि स्पीड पोस्टनं, पोच मागून पाठवा. फोटो व्हॉट्सॲपवरही टाका, पण फक्त व्हॉट्सॲपवर विसंबू नका. टाकी काढून न्यायला माणूस आला तर "तपासणीसाठी टाकी मिळाली" असं कागदावर लिहून घेतल्याशिवाय देऊ नका. टाकी गेली की तुमचा पुरावा गेला.

बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं, त्याला बिचकू नका. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठीची मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवस.

१५ दिवसांत काही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. ते मध्यस्थी करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. पण तक्रारीत कंपनीचंही नाव घाला, कारण दुकानदारापेक्षा कंपनी लवकर जागी होते. त्यानंतरची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. एवढ्या रकमेला फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तरी साडेचौदाशेच्या टाकीसाठी अमरावतीच्या खेपा घालायच्या का, हा हिशेब ज्याचा त्यानं करावा. पोच घेतलेलं पत्र हाती असलं तर बहुतेक वेळा तिथवर जावंच लागू नये.

नवी टाकी मिळाली की लगेच भिंतीवर चढवू नका. अंगणात दोन विटांवर ठेवा, खालचं छिद्र बंद करा, पाणी भरून रात्रभर राहू द्या आणि सकाळी विटा कोरड्या आहेत का ते बघा. बदलीची तारीख दुकानदाराकडून जुन्या बिलावरच लिहून घ्या. वॉरंटी नव्यानं सुरू होते की जुनीच पुढे चालते तेही त्याच्याकडून तिथेच लिहून घ्या.