नागमोडी छिद्रांची प्लेट नेमकी कुठून तुटेल?

ताणाखाली असलेल्या प्लेटमध्ये बोल्ट एकाच सरळ ओळीत असतील तर हिशोब सोपा असतो: रुंदीतून छिद्रे वजा करा आणि जाडीने गुणा. छिद्रे पुढे-मागे, नागमोडी असली की प्लेट सरळ फाटेल की तिरपी, हे ठरवावे लागते. त्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

प्लेट 200 मिमी रुंद, 10 मिमी जाड. 20 मिमीच्या सहा बोल्टांनी ती समोरच्या दुसऱ्या प्लेटला जोडली आहे, त्यांची छिद्रे 22 मिमीची. बलाच्या दिशेने तीन रेषा आखल्या आहेत: अ, ब, क. शेजारच्या रेषांमधले अंतर 50 मिमी आणि बाहेरच्या रेषा कडेपासून 50 मिमीवर. बल जिकडून येते तिकडून पाहिले तर आधी ब रेषेवर एक बोल्ट (ब1), 60 मिमी पुढे अ आणि क वर एकेक (अ2, क2), आणखी 60 मिमीवर पुन्हा ब3, शेवटी अ4 आणि क4.

पहिली पायरी: सूत्र. सरळ मार्गासाठी छिद्रे वजा केली की झाले. मार्गात तिरपा तुकडा आला की प्रत्येक तुकड्यामागे थोडी रुंदी परत मिळते:

```
An = (b − n·d + Σ s²/4g) · t
```

इथे An म्हणजे छिद्रे वजा जाता उरलेले क्षेत्रफळ, b रुंदी, n मार्गातली छिद्रे, d छिद्राचा व्यास आणि t जाडी; s म्हणजे दोन छिद्रांमधले बलाच्या दिशेतले अंतर आणि g म्हणजे बलाला आडवे अंतर. s आणि g ही दोन अंतरे उलटी भरणे ही नेहमीची चूक आहे. आपल्या प्लेटमध्ये s = 60, g = 50, म्हणून एका तिरप्या तुकड्याचे 3600/200 = 18 मिमी. अदलाबदल केली तर 10.4 येते. हा नियम कॉक्रेनने 1922 मध्ये मांडला. तिरप्या रेषेवरचे खरे ताण बरेच गुंतागुंतीचे असतात आणि हे त्यांचे सोपे केलेले रूप आहे, तरी आजही अनेक मानकांत तेच वापरतात. d किती धरायचा ते मात्र आपल्या मानकात पाहा: छिद्र पंच केले असेल तर कडेचा धातू दुखावतो, म्हणून काही ठिकाणी व्यास थोडा जास्त धरतात.

दुसरी पायरी: मार्ग. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे सगळे शक्य मार्ग काढा. फक्त ब1 मधून सरळ गेलो तर 200 − 22 = 178 मिमी उरतात. अ2 ते ब1 तिरपे जाऊन तिथून सरळ कडेला गेलो तर 200 − 44 + 18 = 174. अ2–ब1–क2 या नागमोडीत तीन छिद्रे आणि दोन तिरपे तुकडे आहेत: 200 − 66 + 36 = 170. आणि अ2–क2 सरळ: 200 − 44 = 156.

सगळ्यात लहान आकडा 156. पण उत्तर ते नाही.

तिसरी पायरी: त्या मार्गावर बल किती? इथेच घाई नडते. अ2–क2 या छेदापर्यंत येताना ब1 ने आपला वाटा समोरच्या प्लेटला देऊन टाकलेला असतो. सहा बोल्ट सारखे ओझे घेतात असे धरले, तर या छेदावर बलाचा 5/6 भागच उरतो. म्हणून तुलना करण्याआधी 156 ला 6/5 ने गुणायचे: 187.2 मिमी. अ2–ब3–क2 या मार्गालाही ब1 मागे राहतो, त्यामुळे 170 चे 204 होतात. ब1 मधून जाणाऱ्या मार्गांवर मात्र पूर्ण बल असते. म्हणजे निर्णायक मार्ग अ2–ब1–क2, आणि

```
An = 170 × 10 = 1700 mm²
```

156 धरले असते तर प्लेट उगाच 8 टक्के कमकुवत ठरली असती, ते निदान धोक्याचे नाही. नागमोडी मार्ग न पाहता 178 वर थांबलो असतो, तर मात्र क्षमता सुमारे 5 टक्के फुगलेली दिसली असती.

आता समोरची प्लेट घ्या, तीही 200 × 10 चीच. छिद्रे तीच, पण तिचे पूर्ण बल अ4–क4 या ओळीच्या बाजूने येते. तिथे सरळ छेदावरच पूर्ण बल आहे, म्हणून तिचा निर्णायक मार्ग 156 मिमीचा, क्षेत्रफळ 1560 चौरस मिमी. एकाच जोडातल्या दोन प्लेटांची उत्तरे वेगळी, आणि जोडाला आधी अडवणार ती ही दुसरी. एकच प्लेट तपासून फाइल पुढे सरकवली की नेमके हेच निसटते.

मार्ग चाळायला एक झटपट कसोटी आहे. वाट वाकडी करून एक छिद्र वाढले की 22 मिमी जातात आणि एका तिरप्या तुकड्याचे s²/4g परत मिळतात. म्हणून आपल्या प्लेटमध्ये ब1 ला एकेक तिरपा तुकडा जोडत जाणे तेव्हाच घातक, जेव्हा s² हे 4gd पेक्षा कमी असते: 4 × 50 × 22 = 4400, म्हणजे s सुमारे 66 मिमीच्या आत. अंतर 70 मिमी ठेवले असते तर नागमोडी मार्ग 183 मिमीचा झाला असता आणि ब1 चा सरळ छेदच निर्णायक ठरला असता.

पूर्ण छेदाचे यील्डिंग आणि ब्लॉक शिअर यांची तपासणी मात्र वेगळी करावी लागते; ब्लॉक शिअरमध्ये प्लेटचा तुकडा बोल्टांच्या ओळींसह उपटून येतो, आणि तो मार्ग कडेपासून कडेपर्यंत जातोच असे नाही.