ग्लूटेनमुक्त पावाचं पीठ: काट्यावर जमलेलं मिश्रण

माझ्या भाच्याला सिलिअ‍ॅक असल्याचं निदान झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता. भाकरी, घावन, इडली हे सगळं घरात होतंच, पण त्याला डब्यात सँडविच हवं होतं. त्याच्यासाठी म्हणून मी पाव करायला लागले आणि पुढे त्यातूनच माझं घरगुती बेकरीचं छोटं काम उभं राहिलं. आता माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी ओव्हन दाखवत नाही, काटा दाखवते. पाव बिघडतो तो बहुतेक वेळा पीठ मोजतानाच.

सुरुवातीला मी कपाने मोजायचे. एकदा सहज म्हणून तोच कप दोनदा भरून तोलला. चमच्याने हलकेच भरलेली तांदळाची पिठी १२५ ग्रॅम भरली आणि कप थेट डब्यात खुपसून काढलेली १५५ ग्रॅम. गव्हाच्या कणकेत असा फरक मळताना हाताला जाणवतो आणि आपण पाणी कमी-जास्त करतो. या पिठात मळणं असं नसतंच, त्यामुळे चूक कळते ती पाव कापल्यावर.

मिश्रणात तीन गोष्टी असतात. तांदळाच्या पिठीने अंग येतं, पण नुसत्या पिठीचा पाव रवाळ आणि कोरडा होतो. स्टार्चने तो हलका आणि मऊ होतो, मात्र जास्त झाला तर चिवट होतो. तिसरी गोष्ट बांधणारी. गव्हात ग्लूटेनची जाळी यीस्टचा वायू धरून ठेवते. इथे ती जाळी नसते, म्हणून मी इसबगोल वापरते. पाणी शोषून त्याचा जो चिकट गर होतो, तो बुडबुडे धरून ठेवतो. झँथन गमही चालतो, पण तो फार थोडा लागतो, एका पावाला जेमतेम चार ग्रॅम. तेवढं साध्या स्वयंपाकघराच्या काट्यावर नीट तोलता येत नाही, म्हणून नवख्या माणसाला मी इसबगोलच सांगते.

माझं प्रमाण असं आहे: १२०० ग्रॅम तांदळाची बारीक पिठी, ५०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च, ३०० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च. हे झालं २ किलो. त्यावर पाच टक्के, म्हणजे १०० ग्रॅम इसबगोलाची पूड. एकदम २ किलो करण्यामागे कारण आहे. साधा काटा एखाद्या ग्रॅमने चुकतोच. २० ग्रॅम इसबगोल तोलताना तो एक ग्रॅम पाच टक्क्यांची चूक असते, १०० ग्रॅम तोलताना फक्त एक टक्क्याची.

पिठी बोटांत चोळून बघा. रव्यासारखी टोचली तर परत दळा किंवा बारीक चाळणीने चाळा. ती गिरणीतून मात्र आणू नका. गहू दळलेल्या जात्यात तांदूळ दळले की गव्हाचं पीठ त्यात येणारच, आणि सिलिअ‍ॅकच्या माणसाला तेवढंही चालत नाही. ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिण्यासाठी आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तांदूळ घरच्या मिक्सरमध्ये दळा, नाहीतर लेबल पाहून पाकीट घ्या.

टॅपिओका स्टार्च मिळाला नाही म्हणून साबुदाणा दळून घालायचा मोह मलाही झाला होता. साबुदाणा त्याच कंदाच्या स्टार्चचा असतो, पण तो करताना उष्णतेने अर्धवट शिजलेला असतो. त्याची पूड थंड पाण्यातच फुगते आणि पीठ गोंदासारखं होतं. त्याऐवजी कॉर्नफ्लोअर घाला. पिवळं मक्याचं पीठ नव्हे, पांढरा स्टार्च.

आता इसबगोल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. माझ्या पाककृतीत ‘चार मोठे चमचे इसबगोल’ होतं. भुशी संपली होती, घरात पूड होती, म्हणून मी तितकेच चमचे पूड घातली. पीठ पाच मिनिटांत रबरासारखं घट्ट झालं. पाव वर आला नाही, कापल्यावर आतून ओलसर आणि दातांना चिकटणारा निघाला. नंतर तोलून पाहिलं: माझ्या चमच्यात भुशी ५ ग्रॅम मावत होती आणि पूड जवळपास १०. मी नकळत दुप्पट इसबगोल घातलं होतं. तेव्हापासून मी साधी, बिनसाखरेची, बिनस्वादाची भुशी आणते, मिक्सरमध्ये फिरवते आणि फिरवल्यानंतर तोलते, कारण भांड्याला थोडी पूड चिकटून राहतेच. काही भुशीने पावाला किंचित जांभळट छटा येते. ती पाहून घाबरू नका, पाव खराब झालेला नसतो.

ही पूड एकदम २ किलोत टाकून ढवळू नका, तिचे पुंजके राहतात. १०० ग्रॅम पुडीत आधी १०० ग्रॅम टॅपिओका स्टार्च घालून एकजीव करा. मग त्यात २०० ग्रॅम घाला, मग उरलेला, मग बटाट्याचा स्टार्च, शेवटी पिठी. सगळं दोनदा चाळा. झालं की नाही हे बघायला थोडं मिश्रण पांढऱ्या ताटलीत घेऊन चमच्याच्या पाठीने दाबून गुळगुळीत करा. पूड नीट मिसळली नसेल तर पांढऱ्यात बदामी रेघा स्पष्ट दिसतात.

एक हिशेब सगळ्यांचाच चुकतो. पाककृतीतली टक्केवारी पिठाच्या वजनावर असते आणि आपल्या डब्यात पिठासोबत इसबगोलही आहे. ४०० ग्रॅम पिठाचा पाव करायचा तर डब्यातून ४२० ग्रॅम मिश्रण घ्यायचं. ४०० घेतलं तर पीठ भरतं ३८१ ग्रॅम, आणि पाणी तेवढंच राहिल्यामुळे पाव मधे बसतो.

त्या ४२० ग्रॅममध्ये मी ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम तेल आणि ४२० ग्रॅम कोमट पाणी घालते. पाणीही काट्यावरच. ओतल्यावर पीठ पातळ वाटतं, तेव्हा हात आवरा आणि वरून पिठी घालू नका. दहा मिनिटांत इसबगोल पाणी पितं आणि पीठ थालिपिठाच्या पिठाहून जरा सैल, चमच्याची खूण धरून ठेवणारं होतं. तसं झालं नाही तर मिश्रण तोलताना चूक झाली आहे असं समजा. खूपच घट्ट राहिलं तर १० ग्रॅम पाणी वाढवा आणि वहीत लिहा, कारण पिठीचं नवं पाकीट उघडलं की हा आकडा थोडा हलतो.

हे पीठ एकदाच फुगवायचं, तेही थेट तेल लावलेल्या टिनमध्ये. काठापासून बोटभर खाली आलं की ओव्हनमध्ये. वर बारीक छिद्रं दिसायला लागली तर उशीर झालाय. २०० अंश सेल्सिअसला साधारण ५५ मिनिटं लागतात, आणि पावाच्या मधोमध थर्मामीटरने ९७ अंश दाखवले की मी बाहेर काढते.

बिघाड कापल्यावर वाचता येतो. तळाशी ओलसर चिकट पट्टा असेल तर पाणी जास्त किंवा भाजणं कमी. वरचा भाग खचला असेल तर पाणी जास्त किंवा जास्त फुगलेलं. काप भुसभुशीत होऊन तुटत असतील तर इसबगोल किंवा पाणी कमी पडलंय. हे बघायला पाव पूर्ण गार झालेला हवा. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो आणि चांगला पावही कच्चा वाटतो. मी दोन तास थांबते, मग काप करून त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकते, कारण तांदळाचा पाव दुसऱ्या दिवशीच कडक होतो. भाच्याचे दोन काप सकाळी थेट तव्यावर जातात.